वीस वॅट

जर्नलच्या उजव्या पानावर तीन आकडे होते. ११५ व्होल्ट, ०.७ अँपिअर, २० वॅट. खाली निळ्या शाईत सरांची सही, बाजूला तारीख. एक केव्हीएचा, २३०/११५ व्होल्टचा सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर आणि त्याची ओपन सर्किट टेस्ट, म्हणजे एक बाजू उघडी ठेवून दुसरीला पूर्ण व्होल्टेज देणं. इलेक्ट्रिकलच्या प्रत्येक मुलाने कधी ना कधी केलेली.

मी तोंडी परीक्षेला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक म्हणून गेले होते. तापीच्या अलीकडचं गाव, मे महिना, दुपारचे दोन. लॅबचे पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. बाहेर व्हरांड्यात वीस मुलं जर्नल छातीशी धरून उभी. तीन तास आणि वीस मुलं, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम नऊ मिनिटं. त्यात सही, शिक्का, गुणपत्रक. प्रश्नांना सहा-सात मिनिटं उरतात.

एवढ्या वेळात एखाद्याला हा प्रयोग कळलाय की नाही हे ठरवायचं तर पहिल्या प्रश्नावर भिस्त ठेवून चालत नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. पहिला प्रश्न सगळ्यांना ठाऊक असतो. पहिला मुलगा बाहेर जातो आणि व्हरांड्यात सांगतो, "एलव्ही साइड विचारतायत." एलव्ही म्हणजे कमी व्होल्टेजची बाजू, एचव्ही म्हणजे जास्तीची. पुढचे एकोणीस जण तयार होऊन येतात. त्यात गैर काही नाही, मीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. म्हणून मी पहिला प्रश्न मुद्दाम सगळ्यांना तोच विचारते. मला हवा असतो तो दुसरा. आणि दुसरा माझ्या यादीत नसतो, तो मुलाच्या उत्तरातून आणि त्याच्याच जर्नलमधल्या आकड्यांतून काढावा लागतो.

"ओपन सर्किट टेस्ट कुठल्या बाजूने केलीस?"

"एलव्ही साइडने, मॅडम."

"का?"

"सेफ्टीसाठी. एलव्हीला व्होल्टेज कमी असतं."

उत्तर चूक नाही. अकरा हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला एचव्हीकडून टेस्ट करायची तर अकरा हजार व्होल्टच लॅबमध्ये आणावे लागतील, मीटरही तसेच लागतील. पण या टेबलावर काय आहे? एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५. भिंतीतल्या सॉकेटमध्येच २३० आहेत. मग सेफ्टी कुठे आली? मुलाचं उत्तर पुस्तकातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं आहे, त्याच्या समोरच्या छोट्याचं नाही. इथे मी विचारते,

"समजा, हाच ट्रान्सफॉर्मर तू एचव्हीकडून जोडला असतास आणि २३० व्होल्ट दिले असतेस. वॉटमीटरने किती वॅट दाखवले असते?"

या एका प्रश्नावर वर्ग दोन भागांत पडतो. बरेच जण म्हणतात, "चाळीस." व्होल्टेज दुप्पट, म्हणून वॅट दुप्पट. काही जण "ऐंशी" म्हणतात, कारण त्यांना कुठेतरी वर्ग करायचा असतो हे आठवतं. थोडे थांबतात. मला थांबणारे आवडतात.

खरं उत्तर वीसच. ११५ व्होल्ट एलव्हीला दिले काय आणि २३० एचव्हीला दिले काय, गाभ्यात, म्हणजे आतल्या लोखंडात, तेवढाच फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह उभा राहतो, आणि गाभ्यातला तोटा, ज्याला कोअर लॉस म्हणतात, त्या फ्लक्सवर आणि फ्रिक्वेन्सीवर ठरतो. कुठल्या वाइंडिंगमधून फ्लक्स उभा केला याच्याशी लोखंडाला घेणंदेणं नसतं. करंट मात्र बदलेल. एचव्हीचे वेढे दुप्पट आहेत, म्हणजे तेवढेच अँपिअर-टर्न्स, करंट गुणिले वेढे, द्यायला निम्मा करंट पुरे. ०.७ चे ०.३५ होतील. व्होल्टेज दुप्पट, करंट निम्मा, वॅट तेवढेच.

हे कुठल्याही गाइडमध्ये प्रश्न म्हणून छापलेलं मी पाहिलेलं नाही, म्हणून ते घोकता येत नाही. पण ज्याने प्रयोग मनापासून केला तो दोन मिनिटांत कागदावर तिथे पोचतो. मी कागद पुढे सरकवते आणि गप्प बसते. गप्प बसणं मला शिकावं लागलं. सुरुवातीला मुलगा अडखळला की मी लगेच आधार द्यायचे, "बघ हं, फ्लक्स तेवढाच राहतो की नाही?" त्यावर मुलगा "हो मॅडम" म्हणायचा, मी गुण द्यायचे, आणि दोघांचंही समाधान व्हायचं. उत्तर मीच दिलेलं असायचं. आता मी विचारते, "गाभ्यात काय बदललं?" हा प्रश्न दिशा दाखवतो, उत्तर देत नाही. "फ्लक्स बदलला का?" आणि "काय बदललं?" या दोन वाक्यांत जो फरक आहे तोच तोंडी परीक्षेत मदत करणं आणि उत्तर पुरवणं यातला फरक आहे.

त्या दिवशी सातव्या क्रमांकावर पारोळ्याकडचा एक मुलगा आला. जर्नल नीट, अक्षर मोठं, आकृत्या पट्टीने काढलेल्या. "कोअर लॉस म्हणजे काय?" विचारलं तर त्याने खाली बघितलं. प्रश्न बदलून विचारला, पुन्हा तसंच. तो ओठ हलवत होता. त्याला उत्तर येत होतं की नाही हे मला कळत नव्हतं, आणि हे न कळणं हीच परीक्षकाची खरी अडचण. न येणं आणि न बोलता येणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. तिथेच शून्य लिहून पुढे जायला कुणी अडवत नाही.

मी विचारलं, "शेती आहे का घरी?"

"हो मॅडम. कापूस. विहीर आहे."

"लाईट आली हे कसं कळतं रात्री?"

त्याने पहिल्यांदा वर बघितलं. आणि प्रमाण भाषेत शब्द जुळवत बसण्याआधीच तोंडातून गेलं, "लाईट उनी का आधी डीपी घुमस, मंग मोटर चालू व्हस."

डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर; लाईट आली की आधी ती घुमते. माझं माहेर अमळनेरचं. मीही त्याच बोलीत विचारलं, "मोटर तं बंदच शे, मंग डीपी का घुमस?"

आता तो विचार करू लागला. ऑटो स्टार्टरला मोटर उचलायला काही सेकंद लागतात. तोवर डीपीवर जवळजवळ काहीच लोड नसतो, आणि तरी ती घुमते. म्हणजे लोड नसतानाही आत काहीतरी चाललेलं असतं. हळूहळू, अर्धं अहिराणीत, अर्धं इंग्रजी शब्दांत त्याने सांगितलं की गाभ्यातला फ्लक्स उलटसुलट होतो, लोखंड त्याबरोबर किंचित लांबतं-आखडतं, त्याचा आवाज येतो, आणि फ्लक्सच्या या उलटसुलट होण्यातच वीज खर्च होते. "आणि हे लोड लावला तरी चालूच राहतं?" "चालूच. तितलंच." मग मी जर्नलवर बोट ठेवलं. "तुझ्या पानावर ते किती आहे?" त्याने क्षणभर तिन्ही आकडे बघितले आणि २० वर बोट ठेवलं. कोअर लॉस.

घुमण्याचा आवाज पन्नासचा की शंभर हर्ट्झचा, हा पुढचा प्रश्न मी त्याला विचारला नाही. उत्तर शंभर आहे, कारण फ्लक्स कुठल्याही दिशेने वाढला तरी लोखंडाचा ताण तसाच येतो, म्हणजे एका सायकलमध्ये दोनदा. तो प्रश्न माझ्या ओठांवर होता. पण जे तपासायचं होतं ते तपासून झालं होतं, आणि आणखी एक पायरी चढवून त्याला खाली पाडण्यात मला काही कळणार नव्हतं. मुलगा मान्य झालेल्या उत्तरावर उठला पाहिजे असं मला वाटतं, निदान जो एवढा धडपडत आला त्याने तरी.

जो सहज बोलतो त्याच्याशी मात्र मी वेगळी वागते. बाराव्या क्रमांकावर आलेली मुलगी फार सफाईदार होती. "ओसी टेस्टमध्ये कॉपर लॉस निग्लेक्ट करतात, मॅडम, कारण नो लोड करंट फार कमी असतो." ओसी म्हणजे ओपन सर्किट, कॉपर लॉस म्हणजे वाइंडिंगच्या तांब्यात होणारा तोटा.

"फार कमी म्हणजे किती?"

"दोन ते पाच टक्के."

"पुस्तकातला नको. तुझा."

तिने जर्नल बघितलं. एलव्हीचा पूर्ण करंट एक केव्हीएचे १००० भागिले ११५, म्हणजे ८.७ अँपिअर. तिचा ०.७. हे आठ टक्के झाले. पुस्तकापेक्षा जास्त. तिचा चेहरा पडला, तिला वाटलं रीडिंग चुकलं. रीडिंग चुकलेलं नव्हतं. छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये नो लोड करंट टक्क्यांत जास्तच असतो, मोठ्यांमध्ये तो कमी होत जातो. मी तसं सांगितलं, कारण बरोबर असलेल्या रीडिंगवरचा विश्वास परीक्षकामुळे उडावा हे बरं नाही. मग विचारलं, "आता आठ टक्के असताना निग्लेक्ट करायचं की नाही? किती वॅट सोडून देतेस ते काढ."

यासाठी शॉर्ट सर्किट टेस्टचं पान उलटावं लागतं; एका बाजूची टोकं तारेने जोडून दुसरीला थोडंसं व्होल्टेज देण्याची ती टेस्ट. तिथे तिने एचव्हीकडून १२ व्होल्ट देऊन ४.३५ अँपिअर वाहवले होते आणि ३५ वॅट मिळवले होते. ३५ भागिले ४.३५ चा वर्ग, म्हणजे एचव्हीच्या बाजूने बघितलेला एकूण रेझिस्टन्स १.८५ ओहम. एलव्हीकडे नेताना वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे चारने भागायचं, ०.४६. पण ओपन सर्किटमध्ये एचव्हीतून करंट जातच नाही, म्हणून फक्त एलव्ही वाइंडिंगचा हिस्सा धरायचा, अंदाजे निम्मा, ०.२३. ०.७ चा वर्ग गुणिले ०.२३. ती कॅल्क्युलेटरवर नाही, कागदावर करत होती. ०.११ वॅट.

विसात ०.११. "निग्लेक्ट" हा शब्द ती तीन वर्षं लिहीत आली होती. तो किती छोटा असतो हे तिने आत्ता पाहिलं.

मी तिला टेबलाजवळ नेलं. लो पॉवर फॅक्टरचा वॉटमीटर होता, १५० व्होल्ट, २.५ अँपिअर, ०.२ पॉवर फॅक्टर. तिन्हींचा गुणाकार ७५ वॅट, डायलवर १५० रेघा. म्हणजे एक रेघ अर्ध्या वॅटची, आणि काटा चाळिसाव्या रेघेवर. "हा मीटर का?" यावर सगळे म्हणतात, "पॉवर फॅक्टर कमी असतो म्हणून." तो कमी आहेच. २० भागिले ११५ आणि ०.७ चा गुणाकार, पाव होतो. पण कमी असल्याने नेमकं बिघडतं काय? शेजारच्या टेबलावरचा साधा वॉटमीटर दाखवला, १५० व्होल्ट, ५ अँपिअर, ७५० वॅट, रेघा तेवढ्याच. इथे एक रेघ ५ वॅटची. वीस वॅटला काटा चौथ्या रेघेवर येईल, शून्याच्या जवळजवळ अंगाशी. वाचताना अर्धी रेघ इकडेतिकडे झाली तर अडीच वॅटची चूक, विसात अडीच. तीच अर्धी रेघ लो पॉवर फॅक्टरच्या मीटरवर पाव वॅट. त्या मीटरची स्प्रिंग मुद्दाम नरम ठेवलेली असते, थोड्या वॅटलाही काटा मोकळा फिरावा म्हणून.

तिने स्वतःहून जोडलं, "मग ०.११ वॅट या मीटरलाही दिसणार नाही, मॅडम. पाव रेघसुद्धा नाही."

हे मी विचारलं नव्हतं.

मधल्या वेळात एक गडबड झाली. शेवटच्या टेबलावर एका मुलाला शॉर्ट सर्किट टेस्ट करून दाखवायची होती. जोडणी बरोबर होती, एलव्हीला जाड वायरने शॉर्ट, एचव्हीला व्हेरिअॅक, म्हणजे चकती फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करण्याचं साधन. त्याने स्विच टाकला आणि फटकन आवाज झाला. फ्यूज गेला, अॅमीटरचा काटा टोकाला आपटून परत आला. व्हेरिअॅकची चकती आधीच्या मुलाने ११५ वरच सोडली होती आणि याने शून्यावर आणलीच नव्हती. लॅब असिस्टंट धावत आले, इंटर्नल सर रागावणार एवढ्यात मी हात केला. मुलाचे ओठ पांढरे पडले होते.

नवी असताना मी अशा ठिकाणी शून्य दिलेलं आहे, सेफ्टीचं भान नाही म्हणून. एका मुलीला दिलेलं मला अजून आठवतं. ती काही बोलली नाही, जर्नल उचलून गेली. तिला मी एकच प्रश्न विचारला होता, "एवढंही कळत नाही?" तो प्रश्न नव्हताच.

या मुलाला मी म्हटलं, "फ्यूज बदलू दे. व्हेरिअॅक शून्यावर आण, मला दाखव. मग टेस्ट कर. रीडिंग घेतलंस की माझ्याकडे ये."

वीस मिनिटांनी आला. १२ व्होल्ट, ४.३५ अँपिअर. "इम्पीडन्स?" बारा भागिले ४.३५, २.७६ ओहम. "मघाशी व्हेरिअॅकवर किती होतं?" ११५. "मग मघाशी किती करंट जायला निघाला होता?" त्याने भागाकार केला आणि थांबला. जवळपास ४२ अँपिअर. पाच अँपिअरच्या मीटरमधून. ट्रान्सफॉर्मरच्या पूर्ण करंटच्या दहापट. "आणि पूर्ण २३० असते तर?" ८३. त्याने आकड्याखाली दोनदा रेघ ओढली.

"आता सांग, शॉर्ट सर्किट टेस्टला बारा व्होल्टच का देतात?" नेहमीचा, सगळ्यांना पाठ असलेला प्रश्न. पण आता त्याला उत्तर पाठ करायची गरज नव्हती. त्याने उलट मलाच सांगितलं की डीपीच्या नेमप्लेटवर जी इम्पीडन्सची टक्केवारी लिहितात ती हीच असणार, १२ भागिले २३०, पाच टक्क्यांच्या आसपास, आणि तारा एकमेकींवर पडल्या की करंट वीसपटीच्या जवळ कसा जातो ते यावरूनच निघतं. मग मी एकच विचारलं, "बारा व्होल्टला गाभ्यात किती तोटा होईल?" १२ म्हणजे २३० चा एकोणिसावा भाग. तोटा साधारण व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणून विसाचा सुमारे तीनशेसाठावा हिस्सा. ओपन सर्किटला तांबं सोडून दिलं, शॉर्ट सर्किटला लोखंड. त्याला हे दिसलं हे त्याच्या डोळ्यांवरून कळलं. मी गुण लिहिले. फ्यूज उडवल्याचे कापले नाहीत, व्हेरिअॅक न बघितल्याचे दोन कापले, आणि त्याला तसं सांगितलं.

जर्नलमध्ये उतरवलेली रीडिंगही या चालीने सापडतात. त्या बॅचमध्ये चौघांच्या पानांवर ११५, ०.७, २० असंच होतं. त्यात काही पाप नाही, चौघांचा गट एकच टेबल वापरतो. पण चौघांपैकी एकाला मीटरचा गुणक, म्हणजे एका रेघेला किती वॅट, विचारला तेव्हा तो म्हणाला, "वीस वॅट डायरेक्ट दिसले, मॅडम." काटा चाळिसावर असतो. ज्याने काटा वाचला त्याला चाळीस आठवतात, ज्याने वही बघितली त्याला वीस. त्याला मी टेबलाजवळ पाठवलं, वाचून ये म्हटलं. तो आला तेव्हा म्हणाला, "चाळीस." मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पाचच्या सुमारास शेवटचा मुलगा गेला. गुणपत्रक बंद करत होते तेवढ्यात दारात पारोळ्याचा तो मुलगा पुन्हा उभा. त्याच्यामागे सफाईदार बोलणारी ती मुलगी आणि आणखी दोघं.

"मॅडम, एचव्हीकडून जोडून बघितलं तर चालेल का? आम्ही बाहेर भांडतोय. हे म्हणतात चाळीस."

इंटर्नल सरांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पिशवी खाली ठेवली.

मुलांनीच वायरी काढल्या. वॉटमीटर एचव्हीच्या बाजूला नेला, प्रेशर कॉइल, म्हणजे मीटरची व्होल्टेजची गुंडाळी, तीनशेच्या खुंटीवर लावली, एलव्ही उघडी ठेवून तिच्या टोकांवर टेप गुंडाळली. पारोळ्याच्या मुलाने व्हेरिअॅक हाताने चाचपून शून्यावर असल्याची खात्री केली आणि मग स्विच टाकला. चकती हळूहळू फिरवत २३० वर आणली. ट्रान्सफॉर्मर घुमू लागला, मघाइतकाच. अॅमीटर ०.३५ वर. वॉटमीटरचा काटा चढत गेला आणि विसाव्या रेघेवर थांबला.

"अर्धाच आला!" मागून कुणीतरी ओरडलं. "मघाशी चाळीसवर होता."

पारोळ्याच्या मुलाने मान न वळवता मीटरच्या खुंटीवर बोट ठेवलं. "तीनशेवर लावलाय ना. आता एक रेघ एका वॅटची."

आणि खिशातलं पेन काढून त्याने जर्नलच्या पानावर, सहीच्या खाली उरलेल्या जागेत, लिहिलं: २३०, ०.३५, २०.